रिपोर्टात ‘एम बँड’ लिहिलंय, आता पुढे काय?

घाटकोपर पूर्वेच्या आमच्या वस्तीत रक्तदाब तपासायला बसते, तेव्हा लोक पिशवीतून जुने रिपोर्ट काढून पुढ्यात ठेवतात. गेल्या वर्षी एका सुनेने सासूचा असाच एक कागद दाखवला. खाली इंग्रजीत एकच ओळ होती. गॅमा भागात एम बँड दिसतो, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिने विचारलं, “ताई, हे बँड म्हणजे काय? काही वाईट आहे का?” लॅबवाल्या मुलाने तिला सांगितलं होतं, मोठ्या डॉक्टरला दाखवा. कोणता मोठा डॉक्टर आणि किती दिवसांत, हे कोणी सांगितलं नव्हतं. कागद आठ दिवस घरात पडून होता.

त्या आजींचीच गोष्ट आज सांगते. ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वय 66, वजन जेमतेम 50 किलो. धुणीभांडी करून चार मुलं वाढवलेली बाई. सहा महिन्यांपासून पाठ दुखत होती, आधी उठता-बसता, मग रात्री कूस बदलतानाही. दम लागायचा, चेहरा पांढुरका झाला होता. जवळच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन 8.4 निघालं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाठीसाठी आठवड्याला दोन वेदनाशामक इंजेक्शनं. मध्येच कोणीतरी ईएसआर पाहिला, तो 125. पाठदुखी आणि वाढलेला ईएसआर एकत्र दिसला की मुंबईत पहिला संशय मणक्याच्या टीबीचा येतो, आणि तो येणं चूकही नाही. पण थुंकी, छातीचा एक्स-रे काही न सापडताच टीबीच्या गोळ्या सुरू करायची भाषा झाली. सून हट्टी निघाली. “आधी तपासा, मग गोळ्या द्या,” म्हणाली. तिच्या त्या हट्टामुळे आजी एका फिजिशियनपर्यंत पोचल्या.

त्या फिजिशियनने काय पाहिलं, ते समजून घेण्यासारखं आहे. ते अगदी स्वस्त तपासण्यांमध्येच होतं आणि पाच महिने फाइलमध्ये पडलेलं होतं. लोह कमी असलं की रक्तातल्या लाल पेशी आकाराने लहान होतात. आजींच्या पेशींचा आकार, ज्याला रिपोर्टात एमसीव्ही म्हणतात, 94 म्हणजे अगदी नेहमीचा होता. फेरिटिनही भरपूर होतं. लोह कमी नव्हतंच, मग लोहाने फरक पडणार कसा? दुसरी गोष्ट यकृताच्या तपासणीत होती. एकूण प्रोटीन 9.8 आणि अल्ब्युमिन 3.1. एकूण प्रोटीन साधारण 6 ते 8 च्या दरम्यान असतं आणि त्यातला मोठा वाटा अल्ब्युमिनचा असतो. इथे 9.8 मधून 3.1 वजा केले की 6.7 उरतात. हे सगळं ग्लोब्युलिन, म्हणजे नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त. घरी बसून करता येण्याजोगी ही वजाबाकी आहे. वयस्कर माणसाला रक्त कमी किंवा हाडं दुखण्याचा त्रास असेल आणि ही वजाबाकी 4 च्या वर जात असेल, तर ‘हे ग्लोब्युलिन कशाचं?’ असा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. याच प्रश्नाचं उत्तर शोधायला सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करतात.

या तपासणीत रक्ताच्या पाण्यातली प्रोटीनं विजेच्या प्रवाहाने वेगळी करतात आणि त्यांचा आलेख काढतात. रिपोर्टवर डोंगररांगेसारखी जी रेघ असते, ती हीच. डावीकडचं पहिलं उंच टोक अल्ब्युमिनचं. ते उंचच असतं, त्याला घाबरू नका. (एक काका तेच टोक पाहून दोन रात्री झोपले नव्हते.) त्यानंतर छोट्या टेकड्या आणि शेवटी उजवीकडे गॅमा भाग. आपल्या शरीराची संरक्षक प्रोटीनं, म्हणजे अँटीबॉडी, मुख्यतः तिथे असतात. त्या हजारो प्रकारच्या असतात, म्हणून तिथे एरवी पसरट, बुटकी टेकडी दिसते. टीबी, एचआयव्ही, यकृताचा जुना आजार किंवा संधिवात असेल तर ही टेकडी फुगते, पण पसरटच राहते. अशी पसरट टेकडी म्हणजे एम बँड नव्हे.

एम बँड माहुलीच्या सुळक्यासारखा दिसतो. अरुंद, टोकदार, एकटा उभा. अँटीबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी हाडांच्या मगजात राहतात. त्यांतली एकच पेशी आपल्यासारख्या पेशींची पैदास करत सुटली, की त्या सगळ्या एकाच साच्यातली अँटीबॉडी रक्तात ओततात. सगळे रेणू सारखे, म्हणून ते आलेखात एकाच जागी गर्दी करतात आणि सुळका उभा राहतो. आजींचा सुळका 4.2 ग्रॅमचा होता, म्हणजे रक्ताच्या दर 100 मिलिलिटर पाण्यात 4.2 ग्रॅम. आणि बाकीच्या चांगल्या अँटीबॉडी जेमतेम अर्धा ग्रॅम उरल्या होत्या. त्या वर्षी आजींना दोनदा न्यूमोनिया झाला होता, त्याचा धागा इथे जुळतो.

एवढ्यावरून आजींना कॅन्सर आहे असं म्हणायचं का? नाही. सुळका दिसला म्हणजे एका साच्याच्या पेशी वाढल्या आहेत, इतकंच कळतं. त्या निरुपद्रवी आहेत की हाडं, मूत्रपिंड आणि रक्त खात आहेत, हे हा कागद सांगत नाही. पुढच्या तपासण्या त्यासाठी असतात.

इथे मुलुंडच्या एका काकांची आठवण होते. वय 72, निवृत्त कामगार. हिमोग्लोबिन 9 निघालं म्हणून कोणीतरी तपासण्यांचं मोठं पॅकेज करायला लावलं, त्यात 0.6 ग्रॅमचा एम बँड निघाला. घरात रडारड. पण फेरिटिन 8 होतं आणि लाल पेशी लहान होत्या. काकांना अनेक वर्षांची मूळव्याध होती आणि लाजेपोटी त्यांनी रक्त जातं हे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. रक्त कमी होण्याचं कारण ते होतं. एम बँड सोबत सापडला, एवढंच. वय वाढतं तसा असा छोटा, शांत बँड बऱ्याच लोकांत सापडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या मोठ्या पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत शंभरात तीन जणांकडे तो होता. तिथले बहुतेक लोक गोरे होते, त्यामुळे आपल्याकडे नेमकं तेवढंच प्रमाण असेल असं मी म्हणणार नाही. याला एमजीयूएस म्हणतात. एमजीयूएस असलेल्यांपैकी वर्षाला शंभरातल्या साधारण एकाचा आजार पुढे सरकतो. म्हणजे बहुतेकांचा आयुष्यभर सरकत नाही. काकांनाही इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या दोन तपासण्या मात्र लागल्याच. त्या काय असतात ते आजींच्या फाइलवरून सांगते.

इम्युनोफिक्सेशनमध्ये तो सुळका कोणत्या जातीच्या अँटीबॉडीचा आहे ते ओळखतात. रिपोर्टवर सहा उभ्या पट्ट्यांचं चित्र येतं आणि ज्या पट्टीत ठळक काळी रेघ दिसेल ते उत्तर. आजींचं उत्तर आयजीजी कप्पा. हे नाव फाइलवर ठळक लिहून ठेवा, पुढे प्रत्येक डॉक्टर ते विचारतो. उत्तर आयजीएम आलं तर तपासाची दिशा थोडी बदलते, कारण तिथे लसिकाग्रंथी आणि प्लीहा बघावे लागतात. काही वेळा बँड इतका बारीक असतो की आलेखात तो खरा आहे की नाही याचीच शंका असते, ती शंकाही याच तपासणीने फिटते. रक्त चुकीच्या बाटलीत घेतलं गेलं आणि ते गोठायच्या आधीच तपासलं, तर फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन खोटा सुळका उभा करतं. असा प्रकार मी माझ्या नोकरीत एकदा पाहिला आहे. रुग्णाला तीन दिवस झोप नव्हती.

दुसरी तपासणी फ्री लाइट चेन. अँटीबॉडीचे हलके तुकडे दोन प्रकारचे असतात, कप्पा आणि लॅम्डा. मोकळे सुटलेले तुकडे ही तपासणी मोजते आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण काढते. नेहमीचं प्रमाण 0.26 ते 1.65. आजींचं कप्पा 412 आणि लॅम्डा 9, म्हणजे प्रमाण 45 च्या पुढे. एकच साचा भरमसाट चालू आहे, याचा हा ठळक पुरावा. काकांचं प्रमाण 1.2 निघालं, तेव्हाच अर्धी चिंता गेली. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर हे तुकडे रक्तात साठतात आणि प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं. अशा वेळी 2 किंवा अडीच पाहून घाबरू नये. ते डॉक्टरांनी क्रिएटिनिनच्या शेजारी ठेवून वाचायचं असतं.

ही तपासणी खर्चिक आहे, म्हणून “बँड नाही ना, मग कशाला?” असं म्हणून ती टाळली जाते. तिथेच फसगत होते. काही रुग्णांच्या पेशी पूर्ण अँटीबॉडी बनवतच नाहीत, फक्त हलके तुकडे बनवतात. हे तुकडे इतके लहान असतात की मूत्रपिंडातून लघवीत निघून जातात आणि रक्ताच्या आलेखात सुळका दिसत नाही किंवा अगदी बारीक दिसतो. मायलोमाच्या साधारण पाच-सहा रुग्णांत एक असा असतो. म्हणून हाडं दुखतायत, रक्त कमी आहे, क्रिएटिनिन वाढतंय, आणि इलेक्ट्रोफोरेसिस ‘नॉर्मल’ आलं, तर तिथे थांबायचं नाही. फ्री लाइट चेन आणि इम्युनोफिक्सेशन करायचंच.

लघवीतही हे तुकडे सापडतात. 1845 साली लंडनच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी हाडं दुखणाऱ्या एका रुग्णाच्या लघवीत हे विचित्र प्रोटीन अभ्यासलं. त्यांचं नाव आजही रिपोर्टवर येतं. वस्तीतल्या तपासणीत जी रंग बदलणारी पट्टी बुडवतात, ती अल्ब्युमिन पकडते, हे तुकडे तिला जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून ‘लघवीत प्रोटीन नाही’ या ओळीवर विसंबू नका. त्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करून इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं.

ही लघवी गोळा करणं आपल्या वस्तीत किती अवघड आहे ते डॉक्टरांना माहीत नसतं. सार्वजनिक शौचालयात पाच लिटरचा कॅन घेऊन बाई कशी जाणार? आजींच्या सुनेने घरातल्या मोरीत प्लॅस्टिकचं भांडं ठेवलं, तेवढे चोवीस तास आजींनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पद्धत अशी आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची, समजा सहा. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सहा वाजताची लघवीही कॅनमध्ये घालायची आणि थांबायचं. एक जरी चुकली तरी लॅबला सांगायचं, लपवायचं नाही. कॅन थंड जागी ठेवायचा. चोवीस तास जमतच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पहिल्या चाचपणीला रक्तातली फ्री लाइट चेन पुष्कळदा पुरते.

आता खरा प्रश्न. या पेशी नुकसान करत आहेत का? डॉक्टर चार गोष्टी पाहतात, रक्तातलं कॅल्शियम, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि हाडं.

आजींचं कॅल्शियम 10.6 होतं. लॅबच्या कागदावर ते थोडंसंच वाढलेलं दिसत होतं. पण कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिनला चिकटून फिरतो. अल्ब्युमिन कमी असलं की मोजलेला आकडा खरा त्रास लपवतो. म्हणून 4 मधून आजींचं अल्ब्युमिन 3.1 वजा करायचं, उरले 0.9, त्याला 0.8 ने गुणायचं, आले 0.72, ते 10.6 मध्ये मिळवायचे. उत्तर 11.3. अकराच्या वर गेलं की ते आजाराचं लक्षण धरतात. सून म्हणत होती, आजी हल्ली सारखं पाणी मागतात, संडास चार-चार दिवस होत नाही, बोलता बोलता विसरतात. संडासाचं खापर लोहाच्या गोळ्यांवर आणि विसरण्याचं वयावर फोडून सगळे मोकळे झाले होते. पण तहान, बद्धकोष्ठ, गुंगी ही तिन्ही वाढलेल्या कॅल्शियमचीही लक्षणं आहेत. त्यात माणूस अर्धवट शुद्धीत गेला तर त्याच दिवशी दाखल करायचं असतं.

क्रिएटिनिन 1.6. दवाखान्यात म्हणाले, थोडंच वाढलंय. 80 किलोच्या तिशीतल्या गड्यासाठी ते थोडं असेल. आजींचं वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाचं काम मिनिटाला 27 मिलिलिटरवर आलं होतं, आणि 40 च्या खाली गेलं की ते आजाराचं लक्षण मानतात. मोकळे तुकडे मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचून त्या बुजवतात. त्यातच पाच महिने वेदनाशामक इंजेक्शनं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक ही औषधं या आजारात मूत्रपिंडावर दुसरा घाव घालतात. एम बँड सापडला, किंवा नुसता संशय असला, तरी त्या दिवसापासून ही औषधं बंद. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि ते पुरलं नाही तर डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखं औषध देतात. हृदयाचा त्रास किंवा अंगावर सूज नसेल तर पाणी भरपूर प्यायचं. स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्याचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर एम बँड आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी दाखवायचा.

आणखी एक गोष्ट, तिच्याविषयी मला राग आहे. दुखणं पटकन थांबतं म्हणून काही ठिकाणी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सर्रास टोचतात. डेक्सामेथासोन मायलोमाच्या उपचारातलंही एक औषध आहे. निदान व्हायच्या आधी ते गेलं, की माणसाला चार दिवस बरं वाटतं, बँड थोडा ओसरतो आणि मगजाची तपासणीही गोंधळात टाकते. म्हणून तपासणीला जाताना मागच्या दोन महिन्यांतल्या सगळ्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. चिठ्ठी नसेल तर तसं सांगा.

हाडांची तपासणी हा चौथा भाग. साध्या एक-रेमध्ये हाड बरंच झिजल्याशिवाय भोक दिसत नाही. आजींचा पाठीचा एक्स-रे ‘वयोमानानुसार झीज’ असा आला होता. पुष्कळदा ‘बोन स्कॅन’ लिहून देतात. इतर कॅन्सरमध्ये तो उपयोगी आहे, पण तो हाड नव्याने भरून येण्याची खूण पकडतो. मायलोमात हाड खाल्लं जातं आणि भरणं बंद पडतं, म्हणून तो स्कॅन स्वच्छ येऊन फसवू शकतो. इथे उपयोगी आहेत ते पूर्ण शरीराचा कमी मात्रेचा सीटी स्कॅन, ज्याला रंगद्रव्य लागत नाही, किंवा पेट-सीटी, किंवा एमआरआय. आजींच्या सीटीत दोन मणके आणि तीन बरगड्यांना पोखरल्यासारखी भोकं दिसली.

हाड असं आतून पोखरलेलं असतं, म्हणून किरकोळ पडण्यानेही मोडतं. अभिनेत्री आणि चंदिगडच्या तेव्हाच्या खासदार किरण खेर यांचं तसंच उघडकीला आलं. नोव्हेंबर 2020 मध्ये घरी पडून त्यांचा डावा हात मोडला, तपासण्यांत मल्टिपल मायलोमा निघाला आणि उपचार अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात झाले. 1 एप्रिल 2021 ला कुटुंबाने ते जाहीर केलं. मोडलेल्या हाडामागे काय आहे हे तिथे कोणीतरी विचारलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा हात प्लॅस्टरमध्ये जातो आणि “वय झालं” एवढ्यावर विषय संपतो.

शेवटी मगजाची तपासणी. हिला लोक फार घाबरतात, कारण पाठीच्या कण्यात सुई घालून लुळं करतात असा समज आहे. सुई कण्यात जात नाही. कमरेच्या मागच्या बाजूला, नितंबाच्या वर जे टणक हाड हाताला लागतं, तिथे भूल देऊन थोडा मगज ओढून घेतात आणि पेन्सिलीच्या शिशाएवढा हाडाचा तुकडा काढतात. भूल देतानाची टोचणी आणि ओढताना क्षणभर जोराची कळ, एवढं खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. सगळं अर्ध्या तासात होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची. आजींच्या मगजात 34 टक्के प्लाझ्मा पेशी होत्या. 10 टक्के किंवा त्याहून जास्त पेशी आणि वरच्या चारांपैकी एक जरी नुकसान असलं की त्याला मल्टिपल मायलोमा म्हणतात. आजींची चारही होती. पेशी किंवा बँड जास्त, पण नुकसान काहीच नाही, अशी मधली अवस्थाही असते. तिथे काही महिन्यांच्या अंतराने बारकाईने पाहत राहतात.

काकांची मगजाची तपासणी केलीच नाही. बँड दीडच्या खाली, जात आयजीजी, लाइट चेनचं प्रमाण नेहमीचं, कॅल्शियम आणि मूत्रपिंड ठीक, हाडं दुखत नाहीत, आणि रक्त कमी होण्याचं कारण हाती आलेलं. अशा माणसाला सरसकट सुई आणि पेट-सीटी करायला लावणं म्हणजे पैसे आणि झोप दोन्ही घालवणं. एखाद्या लॅबने ‘पूर्ण पॅकेज’ सुचवलं तर आधी रक्तविकारतज्ज्ञाला विचारा.

कोणाकडे जायचं? हाडाच्या डॉक्टरकडून नव्हे, हिमॅटोलॉजिस्टकडून हे पुढे न्यायचं. उपनगरातल्या महापालिका रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीतून परळच्या केईएमच्या रक्तविकार विभागाची किंवा टाटा मेमोरियलची चिठ्ठी मिळते. फाइलमध्ये इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेख असलेला मूळ कागद ठेवा, मोबाइलमधला धूसर फोटो चालत नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल ते पहिल्याच दिवशी विचारा. तपासण्यांसाठी आधी स्वतःच्या खिशातून खर्च होतो आणि मग योजनेचं कळतं, असं फार होतं.

एम बँड सापडलेल्या माणसासाठी किती दिवसांत हेही सांगते. काही दुखत नाही, रक्त-मूत्रपिंड ठीक, तर दोन-चार आठवड्यांत भेट झाली तरी चालतं. हिमोग्लोबिन कमी आणि हाडं दुखत असतील तर त्याच आठवड्यात. आणि पाय अचानक जड झाले, चालताना लटपटले, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, कमरेखाली मुंग्या आल्या, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात. मणका बसून मज्जारज्जू दाबला गेला की तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

आजींवर बोर्टेझोमिबची पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनं, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोनच्या गोळ्या असे उपचार सुरू झाले. लेनालिडोमाइडची मात्रा मूत्रपिंडाकडे पाहून कमी ठेवली. हाडांचं इंजेक्शन द्यायच्या आधी दात तपासून घेतले, कारण ते इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरत नाही. हा आजार मुळापासून जात नाही, हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. तो दबतो आणि वर्षानुवर्षं दबून राहू शकतो, हेही सांगितलं. चार महिन्यांनी बँड 4.2 वरून 0.9 वर आला, क्रिएटिनिन 1.1 झालं, हिमोग्लोबिन 10.6. पाठीला पट्टा अजून आहे. न्यूमोनियाची लस घेतली.

दर महिन्याचा एम बँड त्या एकाच लॅबमध्ये करतात. दोन लॅबच्या मोजण्यात थोडा फरक पडतो आणि 0.9 चे 1.1 झाले की घरात पुन्हा धसका बसतो. सुनेने वहीत तारीख, एम बँड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम असे रकाने आखले आहेत. काकांच्या बायकोनेही ती वही पाहून तशीच आखली. त्यात सध्या दोनच ओळी आहेत, 0.6 आणि सहा महिन्यांनंतरचे 0.6. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, हिमोग्लोबिन 13 वर आलं, आणि आता तपासणी वर्षातून एकदा.